जाळीखालचा स्क्रू

शॉवरखाली उभं राहिलं की पाणी पावलांवर चढायला लागतं, तेव्हा मोरीच्या जाळीत केस अडकलेत हे कळायला फार डोकं लागत नाही. खरी अडचण पुढे येते. जाळी निघतच नाही!

आमच्याकडे पाच इंची गोल स्टीलची जाळी आहे. शेजारचे काका म्हणाले, "छिन्नी घाला नि उचका." मी घातली नाही, कारण टाइलचा टवका उडाला तर तो खर्च वेगळाच. आधी जाळी बोटांनी हलवून बघितली. कडेला किंचित खुळखुळत होती, पण मधोमध घट्ट. ही खूण लक्षात ठेवा. कडाच पक्क्या बसल्या असतील, तर व्हाइट सिमेंटने धरलंय. कडा हलतात आणि मध्यभाग हलत नाही, तर तिथे स्क्रू आहे, दिसत नसला तरी.

दिसत नाही तो साबणामुळे. कठीण पाण्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन पांढरट साका तयार होतो, हे आपण वर्गात शिकवतोच. तोच साका स्क्रूच्या खाचेत भरतो, वर केस चिकटतात आणि सगळं सपाट दिसतं. मी त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा तास ठेवला. (तुमची फरशी शहाबादी असेल तर हे नको, ती चुनखडीची असते, आम्लाने खराब होते.) मग जुन्या टूथब्रशने घासलं, सेफ्टी पिनने खाच कोरली, तेव्हा कुठे फुलीचं डोकं दिसलं.

फुलीला बरोब्बर बसेल तोच स्क्रूड्रायव्हर घ्या. लहान घेतला तर तो खाच खाऊन टाकतो. आधी स्क्रू केसभर आवळायचा, म्हणजे धरलेला गंज सुटतो, मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. स्क्रूड्रायव्हर घसरतच असेल, तर मध्ये रुंद रबरबँड ठेवून दाबा. निघालेला स्क्रू लगेच वाटीत टाका, नाहीतर तो पाइपात जायचा.

स्क्रू निघाला तरी जाळी लगेच येईना, खालून केसांनी धरलेली! तारेचे दोन आकडे करून समोरासमोरच्या भोकांत अडकवले आणि सरळ वर ओढली. खाली केसांचा उंदराएवढा गुंता निघाला. किळस येते हो, हातमोजे घालाच. तो पाइपात ढकलू नका, कचऱ्यात टाका. टॉयलेट क्लीनरमधल्या आम्लाने केस विरघळत नाहीत, आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

नहाणी ट्रॅपमधली वाटी काढली असेल तर धुऊन परत तशीच बसवा. तिच्याभोवती साठणारं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. स्क्रूच्या आट्यांना थोडं व्हॅसलिन लावा, बेताने आवळा आणि शेवटी तांब्याभर पाणी ओता.