माझ्या भावाची दोन पत्रं



दर वर्षी संवत्सरीला आपल्या मोबाइलवर शेकडो ‘मिच्छामि दुक्कडं’ येतात आणि आपणही तेवढेच पाठवतो. आज त्यांपैकी एकाबद्दल लिहिते आहे. ते मोबाइलवर आलं नव्हतं, पोस्टाने आलं होतं. धाकट्या भावाला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, “लिही ताई, फक्त नाव नको.”

माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, सासर कर्जत. कर्जतहून खोपोलीची गाडी धरली आणि पुढे रिक्षा केली की तासा-दीड तासात माहेर. एवढ्याशा वाटेवर मी पाच वर्षं पाऊल ठेवलं नाही.

आजोबांची शेती काकांकडे गेली होती. बाबांनी दुकानाच्या कमाईतून वेगळी साठ गुंठे भातजमीन घेतली. 2009 मध्ये बाबा गेले. मृत्युपत्र नव्हतं. वारसनोंदीचं भाऊ बघत होता, मी काही विचारलं नाही. बी.कॉम. झालेली बाई मी, घरातल्या दुधाचा हिशेब पैशापैशाने ठेवते, पण माहेरचा कागद बघायला मला संकोच वाटला. 2019 मध्ये आई गेली. त्यानंतर एकदा मोबाइलवर सातबारा उघडला, तर त्यावर एकटा भाऊ. मागचे फेरफार काढले. 2009 च्या फेरफारात वारस दोनच होते, आई आणि मुलगा. मुलगी नव्हतीच.

आईच्या प्रार्थनासभेनंतर, पाहुणे बसलेले असतानाच, मी विषय काढला. तो म्हणाला, “तुझं लग्न 1994 च्या आधीचं. तुला हक्क नाही. लग्नात दिलं ते काय कमी होतं?” मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. आईच्या औषधांना मी किती पैसे दिले तेही मोजून दाखवलं. वहिनी रडत आत गेली. आमचं बोलणं तिथे संपलं.

हे 1994 चं पुष्कळ घरांत ऐकू येतं, म्हणून थोडं सांगते. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीत ही लग्नाची अट राहिली नाही. मुळात आमच्या जमिनीला तो प्रश्न लागूच नव्हता, कारण ती बाबांनी स्वतः कमावलेली. अशा मालमत्तेचा मालक मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानेच बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो. लग्न कधी झालं हे विचारलंच जात नाही. आपण जैनही याच कायद्याखाली येतो. बाबा गेले तेव्हा आई, तो आणि मी यांचे वीस-वीस गुंठे झाले. आईनेही मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून तिचे वीस आमच्यात दहा-दहा. म्हणजे तीस मला, तीस त्याला. सातबारावर नाव नव्हतं म्हणून हक्क बुडला नव्हता. ती नोंद महसुलासाठी असते, मालकी तिने जन्मत नाही की मरत नाही.

2021 मध्ये भावाचं पहिलं पत्र आलं. त्यात होतं, “माझं काही चुकलं असेल तर माफ कर, पण तूही चारचौघांत बोललीस.” सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा होता आणि सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. मी तो लिफाफा कपाटात टाकला. माफी आणि सही एकाच लिफाफ्यात आली, की माफी ही सहीची किंमत होते.

दुसरं पत्र 2024 च्या पर्युषणात आलं. वहीचं फाडलेलं पान, त्याचं ते तिरकं अक्षर. त्यातला मुख्य भाग असा:

“ती. ताईस, जय जिनेंद्र. 2009 साली मी शपथपत्रात वारस दोनच आहेत असं लिहून सही केली. विसरलो नव्हतो. तू मागणार नाहीस हे मला माहीत होतं आणि त्याचा मी फायदा घेतला. आईने विचारलं तेव्हा ताईला चालेल असं तिला सांगितलं. तुला विचारलं नव्हतं. आईशीही खोटं बोललो. 1994 चं तुला ऐकवलं, तेव्हा ते खरं आहे का हे मी तपासलं नव्हतं. यात तुझ्या वहिनीचा हात नाही. तुझं नाव लावायला जिथे सही लागेल तिथे मी येतो. तू बोललीच पाहिजेस असं नाही.”

मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग देवघरासमोर बसून पुन्हा वाचलं. पहिल्या पत्रात ‘चुकलं असेल तर’ होतं, यात काय चुकलं ते होतं. ‘पण’ कुठेच नव्हता. प्रायश्चित्तात आलोचना पहिली येते, म्हणजे दोष नाव घेऊन सांगणं. ‘जाणता-अजाणता’ म्हणताना आपण बहुतेक वेळा अजाणता मागे लपतो. त्याने जाणता जे केलं ते लिहिलं होतं.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी मी उत्तर पाठवलं. चोर म्हटलं त्याची माफी मागितली. त्याहून जास्त माफी मागितली ती आईच्या औषधांचा हिशेब मांडला त्याची, कारण ते पैसे मी आईला दिले होते, उसने नव्हते. शेवटी लिहिलं, “क्षमा आज केली. नाव मात्र लावायचं आहे.”

हे शेवटचं वाक्य काही जणींना खटकेल. मलाही लिहिताना हात जड झाला होता. पण माफीच्या पत्राने सातबारा बदलत नाही. जुनी नोंद मंजूर झालेली, त्यामुळे आम्हाला प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागलं. अपिलाची मुदत साठ दिवसांची, म्हणून इतक्या वर्षांच्या उशिराचं कारण देणारा अर्ज जोडला. भावाने शपथपत्र दिलं की वारसांत बहीण राहिली होती आणि तिचं नाव लावायला त्याची हरकत नाही. शपथपत्रानेच ते नाव गाळलं होतं आणि शपथपत्रानेच परत आलं. वेळ लागला, खेपा झाल्या, पण विरोध करणारा कोणी नसल्याने भांडण झालं नाही.

जमीन आम्ही वाटलेली नाही. भात तोच लावतो, निम्मे तांदूळ कर्जतला पोचवतो. उद्या मला वाटा सोडावासा वाटला तर नोंदणी कार्यालयात जाऊन, कागद वाचून, माझ्या मनाने सोडेन. राखीच्या ताटाजवळ ठेवलेल्या कागदावर सही करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा वहिनीने दार उघडलं. पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, “ताई, त्या दिवशी तुमचा चहा तसाच राहिला होता.” मग आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसलो. भाऊ बाहेर ओट्यावर होता. आत यायचं की नाही, ते त्याला कळत नव्हतं. मी कप घेऊन बाहेर गेले.

मिच्छामि दुक्कडं.