चौरीचौरा कोण होते?

मस्कतला आम्ही राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब आहे. त्यांचा अथर्व गेल्या वर्षी दहावीला, सीबीएसईला होता. परीक्षेला नऊ दिवस उरले असताना त्याची आई त्याला घेऊन वर आली. "इतिहास तेवढा बघ गं त्याचा. वाचतो खूप, पण पुढेच सरकत नाही." लग्नाआधी आणि नंतरही चार वर्षं मी सांगलीला इतिहास शिकवत होते. इथे आल्यापासून खडू हातात घेतलेला नव्हता, त्यामुळे मी जरा जास्तच उत्साहाने हो म्हटलं.

अथर्व हुशार मुलगा, पण वाचन हळू. ओळ संपून पुढच्या ओळीवर येताना त्याची नजर घसरते आणि तीच ओळ पुन्हा सुरू होते. 'भारतातील राष्ट्रवाद' या धड्याचं एक पान मी त्याला मोठ्याने वाचायला लावलं, त्याला पाच मिनिटं लागली. धडा वीसहून जास्त पानांचा. म्हणजे एकदा नुसता वाचायचा तरी पावणेदोन तास, आणि असे किती तरी धडे, किती तरी विषय! त्याच्याकडे टिपणंही होती, कुठल्यातरी शिकवणीची. चौदा पानं, बारीक टाइप, परिच्छेदांना ना मथळा ना मोकळी जागा. त्यावर त्याने पिवळा मार्कर फिरवला होता, तो इतका की पिवळं नसलेलंच शोधावं लागत होतं.

मी त्या रात्री बसून एक पान तयार केलं. अगदी नेटकं! बाण, शब्द, सनावळी. असहकार चळवळीच्या शेवटी मी लिहिलं होतं: 'फेब्रु. १९२२ → चौरीचौरा → मागे.' दुसऱ्या दिवशी त्याने ते पाच मिनिटांत पाठ केलं. मी विचारलं, "चळवळ का मागे घेतली?"

"चौरीचौरामुळे."

"म्हणजे काय झालं?"

तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "काकू, चौरीचौरा कोण होते? इंग्रज की आपले?"

मी हसले, पण चूक माझी होती. माझ्या डोक्यात ती गोष्ट आधीपासून होती म्हणून मला तो बाण पुरत होता. बाणाच्या जागी काय घडलं, हे त्याला कोण सांगणार? आपण टिपण लहान करतो तेव्हा पहिल्यांदा 'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे' हे शब्द उडवतो, आणि तीन गुणांच्या प्रश्नाला नेमके तेच हवे असतात.

मग मी पद्धत बदलली. आधी पुस्तक मिटून त्याला गोष्ट सांगितली आणि त्याला परत सांगायला लावली. जालियनवाला बाग त्याने उत्तम सांगितली, अगदी १३ एप्रिल १९१९ या तारखेसकट. ते टिपणात घेतलंच नाही. जिथे तो अडला तेवढंच लिहिलं. आणि मथळ्याच्या जागी नुसता विषय न लिहिता प्रश्न लिहिला. टिपणं इंग्रजीत होती, कारण पेपर इंग्रजीत. इथे मराठीत देते.

चळवळ अचानक का थांबली?

चौरीचौरा हे गोरखपूरजवळचं गाव.

फेब्रुवारी १९२२ मध्ये तिथे मोर्चा आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. जमावाने पोलीस चौकी जाळली. आतले पोलीस मेले.

म्हणून गांधीजींना वाटलं: लोक अजून अहिंसेने लढायला तयार नाहीत.

म्हणून त्यांनी चळवळ थांबवली.

पहिल्या टिपणातल्या तीन शब्दांची आता पाच-सहा वाक्यं झाली. पण हे त्याने पाठ केलं नाही, एकदा वाचून सांगितलं. किती पोलीस मेले हा आकडा मी मुद्दाम गाळला, त्यावाचून उत्तर अडत नाही. गाव कुठे आहे हे मात्र ठेवलं, नाहीतर चौरीचौरा पुन्हा माणूस झाले असते! पुढे चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्ष येतो. तो याच मथळ्याखाली कोंबण्याचा मोह मी टाळला. त्याला 'थांबल्यावर काय झालं?' असा वेगळा मथळा दिला. एका मथळ्याखाली दोन प्रश्नांची उत्तरं आली की तो दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला लिहून मोकळा होतो.

मांडणीचंही सांगते, कारण तिथे मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त फरक पडला. अक्षर १४ पॉइंटचं, साधं, शेपट्या नसलेलं. ओळींमध्ये दीडपट अंतर. उजवी कड सरळ करायची नाही. ती सरळ केली की शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि हळू वाचणाऱ्याची नजर त्या फटींत अडखळते. कडा वेड्यावाकड्या असल्या तर उलट ओळ ओळखू येते. तिरपी अक्षरं नाहीत, अधोरेखन नाही, सगळी कॅपिटल अक्षरं नाहीत. ठळक फक्त मथळा. एका पानावर जास्तीत जास्त चार मथळे आणि पाठची बाजू कोरी. कागद पांढराशुभ्र न घेता फिकट पिवळसर घेतला. त्याला तो बरा वाटला, सगळ्यांना वाटेलच असं नाही.

(मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गाला शिकवणाऱ्यांसाठी: देवनागरीत ओळींमधलं अंतर आणखी वाढवा. आपल्याकडे वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार. दाट छापलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो. शब्दाखाली रेघ मारली तर उकार त्या रेघेतच हरवतो.)

टिपण जमलंय का, हे तपासायची माझी रीत साधी होती. पान त्याच्या हातात द्यायचं नाही, फक्त मथळा वाचून दाखवायचा. त्याने 'म्हणून' घालून उत्तर सांगितलं तर जमलं. नुसती नावं नि साल बाहेर पडली तर ते वाक्य मी नीट लिहिलेलं नाही असं समजायचं. दोन मथळे असे मला तीनदा लिहावे लागले. एक पान वाचायला त्याला चार मिनिटं लागत. सगळ्या धड्याची पाच पानं झाली, म्हणजे वीस मिनिटं. शाळेच्या बसमध्ये एकदा व्हायची.

त्याच्या आईने कौतुकाने पानांचे फोटो मैत्रिणींना पाठवले आणि पंचाईत झाली. एकीचा फोन आला, "जालियनवाला बाग राहिली का?" राहिली नव्हती, अथर्वला ती येत होती. त्याच्यासाठी गाळलेलं दुसऱ्या मुलाला भोक पडल्यासारखंच दिसणार. मी तिला म्हटलं, मथळे घे, खालचं तुझ्या मुलीला आधी सांगायला लाव.

या पानांनी काय झालं नाही, तेही सांगायला हवं. पेपरात उतारा देऊन त्यावर प्रश्न असतात, आणि तो उतारा वाचावाच लागतो. सुरुवातीची वाचनाची पंधरा मिनिटं सगळ्यांना सारखीच. वाचनाची अडचण प्रमाणपत्रासह मंडळाला आधीच कळवली असती तर तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळू शकला असता. पण ते शाळेमार्फत, परीक्षेच्या बरंच आधी करायचं असतं, आणि आम्ही जागे झालो नऊ दिवस आधी. त्याची आई हे ऐकून गप्प बसली. मीही दोन वर्षं त्याला जिन्यात भेटत होते.

पेपर झाल्यावर तो घरी न जाता आधी वर आला. बूट दारातच काढले, पाणी मागितलं. मी विचारायच्या आत म्हणाला, "काकू, चौरीचौरा आलंच नाही. दांडीयात्रा आली."

"मग?"

"लिहिली. 'म्हणून' चार वेळा लिहिलं."