अर्ध्या गुणाचं भांडण

धारवाडला दहावीच्या पेपर तपासणीला मी बरीच वर्षं जात होतो. विषय गणित, माध्यम मराठी. आमचा गट लहान. कन्नड माध्यमाच्या गठ्ठ्यांना परीक्षक पुष्कळ, त्यामुळे एखाद्याचा कडकपणा त्या गर्दीत विरून जायचा. आमच्याकडे एकाने हात आखडता घेतला, की त्याचा फटका मराठी शाळांतल्या पोरांना थेट बसायचा.

म्हणून गठ्ठे सोडण्याआधी उपमुख्य परीक्षक एकाच उत्तराची झेरॉक्स आम्हा सहाजणांना देत. बोलायचं नाही, गुण लिहून कागद उलटा ठेवायचा. एकदाचं उदाहरण सांगतो. 2x² − 7x + 3 = 0 सूत्राने सोडवा, गुण तीन. सूत्राला अर्धा, किंमती घालण्याला एक, आकडेमोडीला एक, दोन्ही उत्तरांना मिळून अर्धा. पोराने सूत्र बरोबर लिहिलं, पण −b च्या जागी 7 ऐवजी −7 घातले. पुढची आकडेमोड अगदी चोख. उत्तरं आली −1/2 आणि −3. खरी उत्तरं 3 आणि 1/2.

कागद उलटले. कुणी अर्धा दिला होता, कुणी अडीच. मी एक दिला होता. एक बाई ठासून म्हणाल्या, "अहो सर, चूक एकदाच केलीय, शिक्षा तीनदा कशाला?" वाद रंगला. शेवटी ठरलं: चिन्हाच्या चुकीचा अर्धा कापायचा, चुकीच्या किमतीवर केलेल्या बरोबर आकडेमोडीचा पूर्ण एक द्यायचा, उत्तरांचा अर्धा मात्र नाही. म्हणजे दोन. हे उत्तरसूचीच्या समासात लिहून घेतलं. नुसतं तोंडी ठरलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकतं.

माझं नेमकं तेच झालं. दुपारी उपमुख्यांनी माझ्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका काढून पुन्हा तपासल्या. सकाळी त्याच चुकीला मी दोन दिले होते, तीननंतर एक. नुसत्या सरासरीवरून हे कळलं नसतं. गठ्ठाच कच्च्या शाळेचा असेल तर सरासरी आपोआप खाली येते. एकाच प्रकारची चूक सकाळ-दुपार शेजारी ठेवली, तेव्हा दिसलं. त्यांचं म्हणणं होतं, कायम कडक असणारा परीक्षक परवडला, त्याचा अंदाज बांधता येतो. मधेच बदलणाऱ्याचं काय करायचं?

दुपारच्या सगळ्या उत्तरपत्रिका मी पुन्हा उघडल्या. तो प्रश्न अकरा जणांचा बदलला. त्यात एक पोर काठावर नापास होतं, एका गुणाने वर आलं. नाव नव्हतं, नुसता सांकेतिक क्रमांक. हुबळीच्या बसमध्ये बसलो तरी तो क्रमांक डोक्यातून जाईना. आधीच्या वर्षांचे गठ्ठे तर कुणी उघडून पाहिलेच नव्हते.