दुप्पट करून तीस मिळवा, पण गोठ्यात नको

आज पिकाचं नाही, हिशोबाचं लिहितो. चूक माझीच आहे.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडं हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात, आपण सेल्सिअसमध्ये. मागं आला होता तेव्हा त्यानं तोंडी युक्ती सांगितली, "मामा, सेल्सिअसची दुप्पट करा आन् तीस मिळवा, झालं फॅरनहाइट." २० ची दुप्पट ४०, वर ३०, म्हणजे ७०. खरा आकडा ६८. मला लई आवडलं. फोनवर त्याच्याशी ऊन-थंडीच्या गप्पा मारायला एवढं बास होतं.

गेल्या उन्हाळ्यात आमची संकरित गाय व्याली, तिसरं वेत, दुधाला चांगली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वैरणीला तोंड लावेना. मागचे पाय लटपटायला लागले, मग बसली ती उठेचना. थर्मामीटर लावला. आमचा डिजिटल आहे, त्याचं बटण जास्त वेळ दाबलं गेलं की आकडा सेल्सिअसमध्ये दाखवतो. पोरानं कधी दाबलं होतं कोण जाणे. आकडा आला ३७.६. मी लगेच मनात दुप्पट केली, ७५.२. वर तीस, १०५.२. गायीला साधारण १०१ ते १०२.५ असतो हे पाठ. म्हटलं, मेली ही, तापानं फणफणलीय. कारभारणीला सांगितलं, पोतं भिजवून अंगावर टाक, आन् डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, "अण्णा, कानाला हात लावून बघा." बघितलं तर कान गार! मान मुरडून पोटाकडं टाकलेली. ते म्हणाले, "एकशेपाच तापाला कान असे गार नसतात. मशीनवर काय लिहिलंय ते वाचा, तुमचा हिशोब नको." ३७.६ सांगितल्यावर म्हणाले, "हे ९९.७ झालं. ताप नाही, अंग गार पडलंय. आधी ते ओलं पोतं काढा. गायीला उठवून छातीवर बसती ठेवा, आडवी पडू देऊ नका. कसलंही औषध तोंडानं पाजू नका. मी निघालो."

तो मिल्क फिवर होता, म्हणजे दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, अंग उलट गार पडतं. व्याल्यावर दुधात कॅल्शियम एकदम जास्त जातं, रक्तात कमी पडतं आन् स्नायू ढिले होतात. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ठोके ऐकत, सावकाश शिरेतून कॅल्शियम दिलं. भरभर दिलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून हे घरी करायचं काम नाही. अर्ध्या बाटलीवर अंग थरथरलं, ढेकर आली, नंतर शेण टाकलं. तासाभरात उभी राहिली.

गाय वाचली, पण माझा आकडा कुठं चुकला ते रात्री वही घेऊन बघितलं. दहावीत शिकलो होतो तो खरा नियम असा: सेल्सिअसला १.८ ने गुणायचं आन् ३२ मिळवायचे. युक्तीत आपण १.८ च्या जागी २ धरतो, म्हणजे दर अंशाला ०.२ जादा. ३२ च्या जागी ३० धरतो, म्हणजे २ कमी. १० अंशावर जादा झालेले २ आन् कमी झालेले २ फिटतात, दोन्हीकडं ५० येतं. तिथून वर दर पाच अंशाला एक अंश फरक वाढतो. २० ला २ जास्त, ३० ला ४, ४० ला ६. द्राक्षाच्या थंडीत, ५ ते १५ अंशात, युक्ती एक अंशाच्या आत बसते. पण जनावराचं अंग ३८ च्या आसपास, तिथं साडेपाच अंशाची चूक. निरोगी आणि मरायला टेकलेलं यात तेवढाच फरक असतो!

उलट्या बाजूनं तर जास्त वाईट. थर्मामीटर १०४ दाखवतोय, तुम्ही तीस वजा करून निम्मं केलं तर ३७ येतं. माणसाचं ३७ डोक्यात असतं, वाटेल सगळं ठीक. खरं ते ४० आहे, चांगला ताप.

मग तोंडी करायचंच तर असं करा. दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा काढा, मग ३२ मिळवा. ३८.५ ची दुप्पट ७७, दहावा हिस्सा ७.७, राहिले ६९.३, वर ३२ म्हणजे १०१.३. हे अंदाजी नाही, बरोबर येतं. उलट करताना ३२ वजा, निम्मं, आन् त्याचा नववा हिस्सा मिळवा. १०४ चे ७२, निम्मे ३६, नववा हिस्सा ४, झाले ४०.

पण अडचणीच्या वेळी तेवढंही सुचत नाही. डॉक्टरांना फोनवर पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा सांगा, सी का एफ तेही सांगा. मी गोठ्याच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवलंय: ३७.५ म्हणजे ९९.५, ३८.५ म्हणजे १०१.३, ४० म्हणजे १०४. आन् बटणावर चिकटपट्टी लावलीय.