ताटल्या कुठायत?

मुठ्यातल्या आजोळी भातुकली खेळताना माझं आणि मामेभावाचं एका गोष्टीवरून हमखास भांडण व्हायचं. चुरमुऱ्यांचा भात, गुळाची भाजी, पितळेची इवली पातेली सगळं मांडून झालं, की दोघांनाही स्वयंपाकच करायचा असायचा. वाढायला कुणी नाही, घासायला तर नाहीच. शेवटी आजी कंटाळून सगळी भांडी गोळा करायची.

पुढे गावातल्या सप्ताहात मला ताटांवर बसवलं. काल्याच्या दिवशी चुलंगणावर आमटीचं पातेलं रटरटायचं आणि आमचे एक नात्यातले अण्णा मधोमध उभे राहून ओरडायचे. तेव्हा ते मला नुसतं खेकसणं वाटे. आता आठवून बघते, तर अण्णा ‘लवकर, लवकर’ असं कधीच म्हणायचे नाहीत. ‘बायकांच्या पंगतीत आमटी दोन बादल्या!’, ‘भात संपतोय, दुसरं पातेलं उतरवा!’ असं म्हणायचे. त्या ओरडण्यात प्रत्येक वेळी एक जिन्नस असे, एक जागा असे.

हे सगळं आठवलं ते ‘ओव्हरकुक्ड’मुळे. इंग्लंडमधल्या घोस्ट टाऊन गेम्स या छोट्या स्टुडिओनं २०१६ साली काढलेला हा खेळ. चौघांनी एकाच पडद्यासमोर बसायचं आणि एक खानावळ चालवायची. कंट्रोलर कमी पडले तर एकच दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेता येतो. मामेभावाकडे दोनच होते, म्हणून पहिल्या पावसाळी मुक्कामात आम्ही तसेच खेळलो, खांद्याला खांदा लावून. मी, तो, वहिनी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. बाहेर पाऊस असा, की अंगणापलीकडची भाताची खाचरंही दिसत नव्हती.

सुरुवातीला कांद्याचं सूप. काम सोपं आहे: खोक्यातून कांदा घ्यायचा, पाटावर चिरायचा, भांड्यात टाकायचा, असे तीन कांदे. सूप शिजलं की ताटलीत ओतायचं आणि खिडकीत नेऊन ठेवायचं. वर कडेला मागण्या लटकत असतात आणि प्रत्येकीची वेळ सरत असते. शिजलेलं भांडं चुलीवर तसंच राहिलं, तर ते आधी टिटी करून बजावतं, मग करपतं आणि पेटतं. आग शेजारच्या ओट्यावर पसरते. मग एकानं अग्निशामक नळकांडं घेऊन धावायचं आणि करपलेलं सूप कचऱ्यात ओतायचं.

पहिल्या डावात आम्ही चौघंही कांदे चिरत होतो.

‘अरे, सूप झालं!’ वहिनी ओरडली.
‘मग ने ना!’
‘कशात? ताटल्या कुठायत?’

ताटल्या मोजक्याच असतात. गिऱ्हाईक जेवलं की त्या खरकट्या होऊन परत येतात आणि काही ठिकाणी घासाव्या लागतात. आमच्या सगळ्या ताटल्या मोरीशेजारी थप्पी लावून पडल्या होत्या आणि तीन भांडी एकदम पेटली. मामेभाऊ हसून हसून सतरंजीवर आडवा झाला. तो पडला तसा आमचा सामाईक कंट्रोलरही पडला, त्यामुळे माझा आचारीसुद्धा जागच्या जागी थिजला.

या खेळात हरायचं कारण बहुधा मंदपणा नसतो. हात भरपूर असतात, अडतं एकाच जागी, आणि ती जागा प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळी असते. एका ठिकाणी रस्त्यावरून दोन ट्रक पळतात आणि निम्मं स्वयंपाकघर एकात, निम्मं दुसऱ्यात. ट्रक जवळ येतील तेवढ्यात माल पलीकडे द्यायचा. जहाजावर तर ओटेच घसरतात. तिथे आधी ठरवलेली वाटणी कोलमडते, म्हणून बोलत राहावं लागतं. आणि बोलणं अण्णांसारखं हवं. ‘अगं बघ ना जरा’ हे निरुपयोगी. ‘डावीकडचं भांडं, एक कांदा कमी’ हे कामाचं. मैत्रिणीला हे पटायला दोन रात्री लागल्या. ती अजूनही चिडली की नुसतीच किंचाळते, आणि खरं सांगायचं तर तिच्या किंचाळण्यासाठीच आम्ही तिला बोलावतो.

तिसऱ्या रात्री मी म्हटलं, ‘मी ताटल्यांवर.’ घासायच्या, शिजलेल्या भांड्याशेजारी ठेवायच्या, बाकी कशाला हात लावायचा नाही. वहिनी चिरायला, मामेभाऊ चुलीवर, मैत्रीण खिडकीत. त्या डावात एकदाही आग लागली नाही आणि तीन तारे मिळाले. डाव मात्र जरा शांतच झाला. पुढच्या वेळी मामेभाऊ म्हणाला, ‘ताई, आज तू चिरायला ये, घासेल कुणीतरी.’ घासलं कुणीच नाही, भांडी पेटली, आरडाओरडा शेजारच्या आळीत ऐकू गेला असेल.

खेळ थांबला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. खऱ्या मोरीत पिठल्याची कढई आणि चार ताटं तशीच होती. ती सकाळी मीच घासली.