धुतलेल्या कपड्यात उरलेला साबण

पावसाळा सुरू झाला की बेगडेवाडीतील माझ्या दवाखान्यात अंगाच्या खाजेची तक्रार घेऊन येणारे वृद्ध वाढतात. काहींना नायटा असतो, काहींना घामोळे. परंतु दरवर्षी काही जण असे येतात, की त्यांची त्वचा पाहिल्यावर मला औषधाआधी त्यांच्या घरातील धुण्याची चौकशी करावी लागते. आपल्या घरातही कोणी सत्तरीच्या पुढचे असेल, तर ही चौकशी आपणही करून पाहावी.

एका आजोबांचेच उदाहरण घ्या. कंबरेला लेंग्याची नाडी बसते तेथे, काखेच्या कडेला आणि मोज्याच्या रबराखाली लाली व खाज होती. चेहरा, तळहात आणि बोटांच्या बेचक्या मात्र स्वच्छ होत्या. कापड घट्ट बसते, घासते आणि घामाने भिजते नेमक्या त्याच जागी त्रास असेल, तर संशय कापडावर जातो. सूनबाईंना विचारले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. घरात सहा माणसे आणि सात किलोचे, पुढून दार असलेले यंत्र. पावसात कपडे साचतात म्हणून यंत्र दाबून भरलेले, ‘स्वच्छ निघावेत’ म्हणून पावडरचे दोन भरगच्च माप, आणि वेळ वाचावा म्हणून थंड पाण्यावरचा सर्वांत छोटा कार्यक्रम.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते पाहू. पावडरमध्ये मळ काढणाऱ्या रसायनाखेरीज धुण्याचा सोडा असतो. तो पाण्याचा जडपणा कमी करतो आणि माती सुटायला मदत करतो. मात्र त्यामुळे पाणी बरेच क्षारधर्मी होते. पावसाळ्यातील गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही. ठासून भरलेल्या यंत्रात कपड्यांना उलटसुलट पडायला जागा नसते, त्यामुळे घडीत अडकलेले कण तसेच राहतात. छोट्या कार्यक्रमात खळबळणेही कमी असते. असे कपडे वाळतात, आणि अंगावर चढून घामाने पुन्हा ओले झाले की उरलेला साबण त्वचेला लागतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तिच्यावर स्निग्धतेचे पातळ आवरण असते. वयानुसार हे आवरण विरळ होते. म्हणून त्याच कपड्यांनी नातवाला काही होत नाही आणि आजोबा रात्रभर खाजवत बसतात.

याची परीक्षा घरी करता येते. धुऊन वाळलेला एक टॉवेल स्वच्छ कोमट पाण्याच्या बादलीत बुडवा आणि हाताने दोन मिनिटे चांगला घुसळा. पाणी गढूळले, बुळबुळीत लागले किंवा त्यावर फेस धरला, तर साबण कपड्यात उरला आहे. काळ्या पँटवर किंवा मोज्यांवर पांढरट रेघा दिसणे हीदेखील तीच खूण. त्या घरी टॉवेलचे पाणी ताकासारखे झाले, असे सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले.

मग पावडर सोडून लिक्विड घ्यावे का? आजोबांच्या कपड्यांपुरते माझे उत्तर होय असे होते. लिक्विड गार पाण्यात सहज मिसळते, कण मागे ठेवत नाही आणि बहुधा पावडरइतके क्षारधर्मी नसते. तेलकट डागांवर, म्हणजे कारखान्यात काम करणाऱ्यांच्या कॉलरवर किंवा डोक्याच्या तेलाने माखलेल्या उशीच्या अभ्र्यावर, ते अधिक चांगले चालते. मात्र लिक्विड म्हणजे सौम्यच, असे समजू नये. त्यातील सुगंधाची किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्याची काहींना ॲलर्जी असते. म्हणून वृद्धांसाठी बिनवासाचे मिळाले तर उत्तम. चिखलाने भरलेल्या शेतातल्या कपड्यांना आणि शाळेच्या पांढऱ्या गणवेशाला पावडरच सरस. बोअरचे पाणी जड असेल, गीझरवर पांढरा थर धरत असेल, तरी पावडरचा सोडा उपयोगी पडतो. तेव्हा घरात दोन्ही असावीत, आणि थंड पाण्यात धुताना पावडर आधी मगभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मगच कपड्यांवर ओतावी. पुढून दार असलेल्या यंत्रात मात्र गरम पाण्याचा कार्यक्रम निवडणे सोपे.

माप हा खरा कळीचा मुद्दा आहे. डब्यावर पाण्याच्या आणि मळाच्या प्रकारानुसार दिलेल्या मापापासून सुरुवात करा. परीक्षेत फेस आला तर पुढच्या वेळी एक चतुर्थांश कमी करा. उलट कपडे मळकट, कडक आणि घामट वासाचे निघू लागले, तर माप फार कमी झाले आहे. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, ही समजूत हाताने धुण्याच्या काळातली आहे. पुढून दार असलेल्या यंत्रात फेस फार झाला, तर कपडे आपटण्याऐवजी त्यावर तरंगतात आणि मळ कमीच निघतो.

आजोबांच्या घरी मी असे सुचवले. यंत्र पाऊण भागच भरावे. कपड्यांच्या वर हात उभा सहज आत जायला हवा. सुती कपड्यांचा कार्यक्रम, ४० अंश, आणि ‘एक्स्ट्रा रिन्स’ असे बटण असेल तर ते दाबलेले. सेमी-ऑटोमॅटिक यंत्र असेल तर पाणी बदलून दोन वेळा, शेवटचे पाणी नितळ दिसेपर्यंत खळबळावे. पावसाळ्यात पिळण्याचा वेग वाढवला की कपडे लवकर वाळतात आणि कुबट वास येत नाही. रेशमी साड्या आणि लोकरीची शाल यांत घालू नये, कारण डाग काढणारी विकरे या धाग्यांनाही इजा करतात. मऊपणासाठीचे सुगंधी द्रव वृद्धांच्या कपड्यांना व टॉवेलांना अजिबात नको. त्याचा थर अंगाला लागतो आणि टॉवेलचे पाणी शोषणेही कमी होते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या लघवीच्या किंवा शौचाच्या चादरी मात्र इतर कपड्यांत मिसळू नयेत. आधी थंड पाण्यात खळबळून मळ काढावा, मग कापडाला चालत असेल तर ६० अंशांवर वेगळ्या धुवाव्यात. रक्ताचा डाग असेल तर सुरुवातीला गरम पाणी वापरू नये, तो पक्का बसतो. आणखी एक गोष्ट, काळजी घेणाऱ्यांनी ठामपणे पाळावी अशी: लघवीने भिजलेल्या चादरीवर थेट ब्लीच ओतू नका. त्यातील अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन डोळे व श्वासनलिका झोंबवणारा वायू निघतो. दम्याच्या माणसाला तो घातक ठरू शकतो.

आजोबांचे सर्व कपडे साबण न घालता एकदा नुसते पाण्यातून काढायला लावले आणि त्वचेवर साधे पेट्रोलियम जेली सकाळ-संध्याकाळ लावायला सांगितले. दुकानातून आणलेली तीव्र स्टिरॉइडची मलमे बंद केली. सुमारे दोन आठवड्यांत लाली ओसरली.

असे कपडे बदलूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे यावे. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर ती बहुधा खरूज असते. तिच्यासाठी सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. वापरलेले कपडे व चादरी ६० अंशांवर धुवाव्यात, किंवा गरम पाणी न चालणाऱ्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवाव्यात. माणसाच्या त्वचेपासून दूर ते किडे दोन-तीन दिवसांहून अधिक जगत नाहीत.