डोळ्याच्या कडेचा उजेड

दिवा मालवून उशीवर डोकं टेकवलं की डाव्या डोळ्याच्या कडेला एक फिकी, निळसर झळक उमटायची, थरथरायची आणि विरून जायची. दुखत काहीच नव्हतं. उलट झोपेआधी मी तिची वाट बघायची. इतकी देखणी होती ती.

पुढे वाचताना ओळी मध्येच वाकू लागल्या आणि नजरेच्या वरच्या कोपऱ्यात एक सावली येऊन बसली. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून बराच वेळ आत पाहिलं, मग मिटल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी केली. पडद्यावर मागच्या भिंतीतून एक घुमट वर आलेला दिसत होता, साडेचार मिलिमीटर उंचीचा. मेलानोमा, डोळ्याला रंग देणाऱ्या पेशींचाच कॅन्सर, आपल्याकडे विरळा. त्यानं आपल्यावर पसरलेला दृष्टिपटल ताणला होता, आणि ताणलेला दृष्टिपटल वेदना नाही, उजेडच कळवतो.

डोळा काढावा लागेल का, हा प्रश्न घशातच अडकला होता. डॉक्टरांनी तो ओळखला असावा. या मापाच्या गाठीत डोळा काढला किंवा ठेवून किरण दिले, तरी जगण्यात फरक पडत नाही, असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलंय, म्हणाले.

मग ती चांदीची इवलीशी वाटी, प्लाक, आत रुथेनियम-१०६ ल्यालेली. तिचे किरण काही मिलिमीटरपलीकडे फारसे पोचत नाहीत, म्हणून ती बुटक्या गाठींसाठी. भूल दिल्यावर डोळ्यात प्रकाश सोडतात आणि बुबुळामागच्या पांढऱ्यावर गाठीची सावली पडते. त्या सावलीच्या कडेनं शाईची खूण करून वाटी टाक्यांनी शिवतात. हे मला नंतर सांगितलं, आणि तेव्हापासून वाटत राहतं, आपल्याच डोळ्यातून पडलेली ती सावली एकदा बघायला मिळायला हवी होती. काही दिवसांनी वाटी काढली. गाठ नाहीशी होत नाही, महिनोन् महिने बसत जाते. किरणांनी रक्तवाहिन्याही थकतात. दुसऱ्या वर्षी नजर धुरकटली, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली.

डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या नाहीत. गाठीच्या पेशी निघाल्या तर रक्तातून निघतात आणि बहुतेकदा आधी यकृतात उतरतात, कधी कधी कित्येक वर्षांनी. यकृताच्या रक्ततपासणीचे आकडे तेव्हाही चांगलेच येऊ शकतात, म्हणून दर सहा महिन्यांनी पोटाचं चित्र काढायचं. श्वास घ्या, धरा, सोडा. एकदा त्या चित्रात ठिपका दिसला. एमआरआयचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. मी डाळी निवडत बसले. हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचा साधा गुंता निघाला.

“राहू दे त्याला,” डॉक्टर म्हणाले, आणि पुढची तारीख लिहून दिली.